टेक्नेशियम जनरेटर: सोमवारी ५०० असतात, गुरुवारी दुपारी किती मिळतील?

आमचं न्यूक्लिअर मेडिसिनचं सेंटर छोटं, कोकण किनाऱ्यावरचं, एक गॅमा कॅमेरा, एक हॉट लॅब आणि आठवड्याला एक जनरेटर. तो मुंबईकडून रोडने येतो, रविवारी रात्री उशिरा, आणि पावसाळ्यात घाटात दरड आली की सोमवारी पहाटे. नवीन मुलं ट्रेनिंगला येतात तेव्हा त्यांना बटण कुठलं आणि सुई कुठली हे दोन दिवसात कळतं, पण "आता इल्युट करू की थांबू" हे विचारलं की गप्प होतात. म्हणून हे लिहितोय, मुख्यतः टायमिंगबद्दल. अर्थात हे सगळं लायसन्स असलेल्या डिपार्टमेंटमध्ये, आरएसओ, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, आणि सीनियर समोर असताना करायचं काम आहे, वाचून एकट्याने करायचं नाही.

आधी आत काय आहे ते समजून घ्या. शिशाच्या जाड भांड्यात एक काचेची छोटी कॉलम असते, त्यात अॅल्युमिना भरलेलं, आणि त्या अॅल्युमिनाला मॉलिब्डेनम-९९ घट्ट चिकटलेलं असतं. आम्ही त्याला नुसतं मोली म्हणतो. मोली तुटत तुटत टेक्नेशियम-९९एम बनतं, आणि हे टेक्नेशियम परटेक्नेटेटच्या रूपात असतं ज्याची अॅल्युमिनावरची पकड ढिली असते. वरून ०.९ टक्के सलाईन सोडलं की टेक्नेशियम धुऊन खाली येतं, मोली जागेवर राहतं. हे धुऊन काढणं म्हणजे इल्युशन किंवा इल्युट करणं, आणि खाली आलेला द्रव म्हणजे इल्युएट. बस, एवढंच मशीन. गाय दोहण्याची उपमा जगभर देतात आणि ती इथे खरंच फिट बसते, कारण सकाळी धार काढली की संध्याकाळी पुन्हा दूध असतं, फक्त थोडं कमी. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन लॅबमध्ये टकर आणि ग्रीन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी हा जनरेटर बनवला, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

हाफ लाईफ हीच का निवडली

नवीन मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो की इतके आयसोटोप असताना हेच का. दोन हाफ लाईफ आहेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणासाठी सोयीच्या आहेत.

टेक्नेशियम-९९एमची हाफ लाईफ ६ तास. बोन स्कॅनमध्ये इंजेक्शन दिल्यावर एमडीपी, म्हणजे टेक्नेशियमला हाडापर्यंत नेणारं औषध, हाडात बसायला आणि बाकीचं लघवीतून जायला दोन-चार तास लागतात, मग कॅमेऱ्याखाली अर्धा तास. म्हणजे आयसोटोप त्या वेळेपुरता टिकला पाहिजे. वीस मिनिटांचा असता तर हाडं दिसायच्या आधीच संपला असता, आणि आठ दिवसांचा असता, आयोडीन-१३१ सारखा, तर स्कॅन झाल्यावरही पेशंट आठवडाभर फुकटचा डोस घेत बसला असता. शिवाय त्या "एम"चा, म्हणजे मेटास्टेबलचा, फायदा असा की अणूकेंद्र जास्तीची ऊर्जा धरून थोडा वेळ थांबतं आणि मग गॅमा सोडून खाली बसतं, मोठा बीटा डोस देत नाही. तो गॅमा १४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा, शरीरातून बाहेर येण्याइतका जोरकस आणि कॅमेऱ्याच्या क्रिस्टलमध्ये अडकण्याइतका हलका.

मोलीची हाफ लाईफ ६६ तास. ही आपल्यासारख्या लांबच्या गावांसाठी. ६ तासांचा माल मुंबईहून रोज मागवला तर हायवेवर पाऊस लागला की अर्धा माल वाटेतच जाणार. ६६ तासांची आई पाठवली की ती आठवडाभर पिल्लं देते. दिवसाला तिची ताकद २२ टक्के कमी होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी ७८ टक्के उरतात, त्याच्या ७८ टक्के तिसऱ्या दिवशी, असं चालतं. आई पिल्लापेक्षा अकरा पट टिकाऊ, हे प्रमाण महत्त्वाचं, कारण पुढचं सगळं टायमिंग त्याच्यावर उभं आहे.

पिशवी उघडल्यावर पहिलं काम: लेबल

पॅकेज आलं की आधी सर्व्हे मीटरने बाहेरून रीडिंग, वाइप टेस्ट, रजिस्टर. हे तुमचा सीनियर दाखवेलच. मी अडकतो ते लेबलवर. लेबलवर एक अॅक्टिव्हिटी, एक तारीख आणि एक वेळ असते. ती अॅक्टिव्हिटी मोलीची आहे की इल्युट होणाऱ्या टेक्नेशियमची, हे नीट वाचा, कारण वेगवेगळे सप्लायर वेगवेगळं लिहितात. आणि ती कॅलिब्रेशनच्या वेळेची असते, तुमच्या हातात येईपर्यंतची नाही. एका नव्या मुलाने एकदा बुधवारच्या कॅलिब्रेशनचा जनरेटर सोमवारी वापरताना तोच आकडा धरला, आणि इल्युएट जास्त आलं म्हणून अॅक्टिव्हिटी मोजणारा कॅलिब्रेटर बिघडला असं समजून कंपनीला फोन लावला.

आता आपलं उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. मोली ५०० मिलीक्युरी, कॅलिब्रेशन सोमवार सकाळी ८. इल्युशनमधून ९० टक्के बाहेर येतं असं धरू.

किती मिळेल ते आधी कागदावर काढा

इल्युट केल्यावर कॉलम जवळजवळ रिकामी होते आणि टेक्नेशियम पुन्हा साठायला लागतं. आधी भराभर, मग सावकाश, आणि साधारण २३ तासांनी शिखर येतं. त्यानंतर ते मोलीच्याच चालीने कमी होत जातं, ६६ तासांच्या. म्हणून सगळीकडे सकाळी ८ ला इल्युशन करतात, ती काही नुसती ऑफिसची सवय नाही, २४ तास जवळपास शिखराशी जुळतात म्हणून.

पण शिखरापर्यंत थांबायलाच हवं असं नाही, आणि इथे नवीन माणूस फसतो. इल्युशननंतर ६ तासांनी शिखराच्या सुमारे ६१ टक्के माल तयार असतो, १२ तासांनी ८८ टक्के. म्हणजे दुपारी उशिरा परत धार काढणं हे वाया घालवणं नाही.

एक्सेलमध्ये हे एकदा घालून ठेवा, ए१ मध्ये मागच्या इल्युशनच्या वेळची मोली, बी१ मध्ये त्यानंतर गेलेले तास:

```
=A1*0.963*(EXP(-0.01051*B1)-EXP(-0.1153*B1))*0.9
```

त्यातला ०.९६३ म्हणजे दोन गोष्टी एकत्र, मोलीचे सगळेच अणू ९९एम होत नाहीत, सुमारे ८७.५ टक्केच होतात, आणि दोन हाफ लाईफच्या फरकामुळे थोडं वर जातं. शेवटचा ०.९ म्हणजे कॉलममधून निघणारा भाग, तो तुमच्या जनरेटरच्या अनुभवाने बदला. गणितात मागच्या वेळी कॉलममध्ये उरलेले १० टक्के धरलेले नाहीत, २४ तासांत ते नगण्य होतात, पण ६ तासांत होत नाहीत, हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आपल्या जनरेटरचं गणित केलं तर सोमवारी सकाळी सुमारे ४३०, मंगळवारी ३१०, बुधवारी २४०, गुरुवारी १८७, शुक्रवारी १४५. सोमवारचा आकडा एवढा मोठा का, तर प्रवासात दोन-तीन दिवस कोणीच इल्युट केलं नव्हतं, साठून पूर्ण झालं होतं.

पण मोठ्या आकड्याला भुलू नका. मोलीपासून टेक्नेशियम-९९एम बनतं आणि ते पुढे टेक्नेशियम-९९ होतं, ज्याची हाफ लाईफ दोन लाखांहून जास्त वर्षं, म्हणजे आपल्या दृष्टीने नुसता निर्जीव भाऊबंद. रसायनाला दोघांत फरक कळत नाही, दोघेही किटमधल्या, म्हणजे टेक्नेशियम मिसळून इंजेक्शन बनवायच्या औषधाच्या व्हायलमधल्या, टिनवर तेवढेच हक्क सांगतात. २४ तासांनी इल्युट केलं तर साधारण चारात एक अणू कामाचा असतो, ७२ तासांनी केलं तर तेरात एक. बोन स्कॅनच्या किटला हे खपतं कारण त्यात टिन भरपूर असतं. पण मेंदूच्या स्कॅनचं एचएमपीएओ फार नाजूक, त्याला २४ तासांच्या आत इल्युट झालेल्या जनरेटरचं आणि दोन तासांपेक्षा ताजं इल्युएट लागतं. म्हणून आमच्याकडे सोमवारची पहिली धार मेंदूच्या पेशंटला देत नाही, असा पेशंट असेल तर मंगळवारी बोलवतो.

इल्युशन स्वतः

अंगाला आणि बोटांना किती रेडिएशन लागलं ते मोजणारे टीएलडी बॅज आणि अंगठी, शिवाय ग्लोव्हज. डोस कॅलिब्रेटरचं रोजचं चेक आधी, सिझियमच्या सोर्सने, ते न करता पुढे जाऊ नका. मग सुईवरची टोपी काढा, व्हायलच्या रबरावर स्पिरिट लावा आणि ते वाळू द्या, ओल्या स्पिरिटचा थेंब आत गेला तर कॉलमच्या रसायनाला त्रास होतो.

ज्या जनरेटरला दर वेळी सलाईनची व्हायल लावावी लागते त्यात आधी सलाईनची व्हायल एका सुईवर आणि मग शिल्डमध्ये घातलेली व्हॅक्यूम व्हायल दुसऱ्या सुईवर. व्हॅक्यूमने सलाईन ओढलं जातं, कॉलममधून जातं, आणि शेवटी हवा येते, खिडकीतून बुडबुडे दिसतात. मग अजून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, पत्रकात जेवढं लिहिलंय तेवढं. ही शेवटची हवा फालतू नाही, ती कॉलम कोरडी करते. कोरड्या कॉलमच्या जनरेटरमध्ये सलाईन साचून राहिलं तर रेडिएशनने त्या पाण्यातून जे रासायनिक तुकडे निघतात ते टेक्नेशियमचं रूप बदलतात, आणि बदललेलं टेक्नेशियम अॅल्युमिनाला धरून बसतं, खाली येत नाही.

आमच्याकडे हे एकदा घडलं. पेशंट वाट बघतोय म्हणून एका शिकाऊ मुलाने व्हायल घाईत काढली, बुडबुडे सुरू होताच. त्या दिवशी सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी २४० अपेक्षित आणि मिळाले १६५. सुरुवातीला मला कॅलिब्रेटरचा संशय. तुम्हाला असं झालं तर आधी व्हायलमध्ये किती मिली आलं ते बघा. दहाच्या जागी सहाच मिली आलं असेल तर व्हॅक्यूम गेलंय किंवा सुई नीट लागली नाही, नवीन व्हायल लावून उरलेलं काढा. पण दहा मिली पूर्ण आलंय आणि अॅक्टिव्हिटी कमी, तर एकतर कॅलिब्रेटरवर चुकीचा आयसोटोप सेट आहे, किंवा शेवटच्या इल्युशनची वेळ रजिस्टरमध्ये चुकलीय, नाहीतर काल कॉलम ओली राहिली. आमचं तिसरं होतं. पुन्हा पूर्ण इल्युशन करून नीट हवा जाऊ दिली आणि पुढच्या दिवशी आकडा जुळला.

इंजेक्शनच्या आधी: मोली आली का

टेक्नेशियमसोबत थोडी मोली सुटून येऊ शकते, त्याला ब्रेकथ्रू म्हणतात. मोलीचा गॅमा ७४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचा, टेक्नेशियमच्या पाच पटीहून जास्त. म्हणून व्हायल जाड शिशाच्या डब्यात घालून कॅलिब्रेटरमध्ये मोलीच्या सेटिंगवर ठेवा. टेक्नेशियमचा गॅमा जवळजवळ सगळा शिशातच राहतो, जे वाचायला मिळतं ते मोली. मग आलेली मायक्रोक्युरी भागिले टेक्नेशियमची मिलीक्युरी. अमेरिकन फार्माकोपियाची मर्यादा आहे ०.१५, म्हणजे प्रत्येक मिलीक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी मोली. आणि ही मर्यादा इंजेक्शन देतानाची आहे, काढतानाची नाही.

हा शेवटचा भाग कितीदा सांगितला तरी विसरतात. समजा गुरुवारी सकाळी १८७ मिलीक्युरी टेक्नेशियमसोबत १५ मायक्रोक्युरी मोली आली. भागाकार ०.०८, सगळे म्हणतील पास. पण टेक्नेशियम ६ तासांत अर्धं होतं आणि मोली जवळपास तशीच राहते. दुपारी २ ला टेक्नेशियम ९३.६ आणि मोली १४.१, भागाकार ०.१५. मर्यादेवर! त्यानंतर तेच इल्युएट वापरता येणार नाही. सकाळी पास झालेली व्हायल दुपारी नापास होऊ शकते, म्हणून व्हायलवर वेळेसोबत "कधीपर्यंत वापरायची" हेही लिहा. हे गणित सोपं आहे, भागाकार साधारण साडेसहा तासांनी दुप्पट होतो.

अॅल्युमिना सुटून आलीय का, हे कागदी पट्टीवर एक थेंब टाकून बघतात, १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीपेक्षा जास्त चालत नाही. ती जास्त असेल तर सल्फर कोलॉइडचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि लिव्हर स्कॅनऐवजी फुफ्फुसं दिसतात. एकदा स्कॅनमध्ये फुफ्फुसं चमकली की मग पट्टी आठवते.

गुरुवारची गोष्ट

परवाच्या गुरुवारी सकाळी ८ ला १८७ मिळाले, अंदाजाप्रमाणे. सहा बोन स्कॅन होते, प्रत्येकी २० मिलीक्युरी. ९, साडेनऊ, १०, साडेदहाला एकेक, आणि ११ ला खेडकडचे दोघे, नवरा-बायको. शिवाय दोन थायरॉईड आणि एक किडनी, त्यांना थोडंच लागतं.

किटमध्ये किती टाकायचं याचं गणित उलट करायचं. सव्वाआठला एमडीपी किटमध्ये १५० टाकले. ९ वाजता ते १३७ झाले, पहिल्याला २० दिले. असं करत करत साडेदहाच्या चौथ्या पेशंटनंतर व्हायलमध्ये ४२ उरले, ११ वाजता ते ४० होणार, दोघांना वीस-वीस, हिशोब बरोब्बर. मी खूश.

पावणेअकराला फोन. "सर, आम्ही परशुराम घाटात अडकलोय, झाड पडलंय, एसटी पण उभी आहे, दोन-अडीच वाजतील बहुतेक, चालेल ना?" मुलगा बोलत होता, मागे आई विचारतेय की काही खायचं का.

अडीच वाजता ४२ चे २६ उरणार होते. एकाला पुरतात, दोघांना नाही. शिकाऊ मुलगी म्हणाली, "सर, प्रत्येकाला तेरा-तेरा देऊन कॅमेऱ्यावर जास्त वेळ ठेवूया?" हा विचार वाईट नाही, पण काका कमरेच्या दुखण्यासाठीच आलेले, त्यांना दीडपट वेळ टेबलावर सरळ झोपवायचं म्हणजे हलणार आणि फोटो खराब होणार, आणि कमी डोस द्यायचा की नाही हा डॉक्टरांचा निर्णय, आपला नाही. उद्या बोलवा म्हणणंही बरोबर नाही, घाटातून येणं-जाणं परत.

तिला मग विचारलं, दुपारी २ ला इल्युट केलं तर किती? गुरुवारी सकाळची मोली २३५. सहा तासांचं गणित, सुमारे ९०. "मग उद्याचं काय?" तिचा पुढचा प्रश्न, आणि हाच प्रश्न पडायला हवा. दुपारी न काढता शुक्रवारी सकाळी १४५ मिळाले असते. दुपारी काढलं तर शुक्रवारी सकाळपर्यंत १८ तास मिळतात, आणि १३४ मिळतील. म्हणजे आज ९० घेतले आणि उद्याचे फक्त ११ गेले! तिला पटेना, दोनदा एक्सेलमध्ये टाकून बघितलं. कारण असं की दुपारी न काढलेलं टेक्नेशियम काही सकाळपर्यंत तसंच राहणार नव्हतं, त्यातलं बहुतेक रात्रीत तुटूनच जाणार होतं, आपण ते तुटायच्या आधी वापरलं एवढंच.

दोन वाजता इल्युट केलं आणि ९७ आले, अंदाजापेक्षा ७ जास्त. ती घाबरली, पण हे सकाळी कॉलममध्ये राहिलेले १० टक्के, जे सहा तासांत अर्धेच तुटले होते, ते आता बाहेर आले. नवीन इल्युएट म्हणजे मोलीची टेस्ट पुन्हा, अॅल्युमिना पुन्हा, सकाळची पास झाली म्हणून दुपारची पास असं नसतं. टेस्ट ठीक आली, नवीन किट बनवलं. पावणेतीनला काका-काकू आले, काकांच्या चपला चिखलाने भरलेल्या. दोघांना वीस-वीस दिले, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, सहाला स्कॅन.

शुक्रवारी सकाळी १३३ आले. शनिवारी बोन स्कॅन ठेवत नाही, मोली १४० वर येते आणि माल शंभराच्या आसपास, त्यात थायरॉईड आणि किडनी करतो. रविवारी रात्री नवीन आला की जुन्यावर तारीख लिहून शिशाच्या मागे ठेवून देतो, परत पाठवायची वेळ येईपर्यंत, आणि नवीनचं लेबल वाचतो, मोली की टेक्नेशियम.